घरी द्यायचा स्वाध्याय: नक्कल किंवा एआयचं उत्तर उघडं पडेल असा कसा बनवायचा?

धागाकर्ता: अकरावीला लंबकाचा प्रयोग घरी करायला देतो. निम्म्या वह्यांत g बरोब्बर 9.8 येतो. काहींचे आकडे एकमेकांचे, काहींचे चॅटबॉटचे. प्रश्नच कसा बदलू?

रानवारा: सोपं आहे. प्रत्येकाला हजेरी क्रमांकाप्रमाणे वेगळी लांबी द्या. नक्कल बंद.

दोलक: शेजाऱ्याची नक्कल बंद होईल, पण चॅटबॉटला लांबी सांगितली की तो दोलनकाल काढून देतोच. गोळ्याऐवजी घरातलं कुलूप टांगायला सांगा. लांबी आधारापासून गाठीपर्यंतच मोजायची, 30 ते 90 सेंमीमध्ये पाच लांब्या, प्रत्येकीला 20 दोलनं. कुलपाचा गुरुत्वमध्य गाठीच्या खाली असतो, म्हणून T² आणि लांबीचा आलेख शून्यातून जात नाही. मध्य 3 सेंमी खाली असेल तर रेषा उभ्या अक्षाला साधारण 0.12 वर कापते. सूत्रात नुसती लांबी घालून बनवलेले आकडे थेट शून्यातून जातात. तिथेच विचारायचं, "तुझं कुलूप कुठे गेलं?"

तिरकस: उद्या पोरं चॅटबॉटला कुलपाचंही सांगतील. तो 3 सेंमी धरेल, वर थोडी चूकही मिसळून देईल. मग?

दोलक: म्हणून कुलूप वर्गात आणायचं. गाठीपर्यंत 50 सेंमी धरून 20 दोलनांना किती वेळ लागेल ते आधी त्याच्याच आलेखावरून लिहून घ्यायचं, मग मोजायचं. 3 सेंमी खरे असतील तर सुमारे 29.2 सेकंद, विसरले असतील तर 28.4. स्टॉपवॉच दाबण्यातली चूक पावएक सेकंदाची, त्यामुळे फरक कळतो. छोटं कुलूप मात्र चालणार नाही. मध्य सेंमीभरच खाली असेल तर सगळं चुकीतच बुडतं.

शाईचा डाग: एवढा खटाटोप कशाला? ओळखणारं सॉफ्टवेअर असतं ना? माझा स्वतः लिहिलेला निबंध त्यानेच "मशीनचा" ठरवला होता, ते सोडा. पण आता सुधारलं असेल.

तिरकस: ते सोडायचं कसं? ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी 2023 मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत काढून घेतलं. शिवाय इथे आकड्यांचा तक्ता आहे, निबंध नाही. माझा आक्षेप वेगळाच: पकडलं ते वर्गातल्या मोजणीने. मग घरी कशाला द्यायचं?

दोलक: पाच लांब्या आणि आलेख वर्गात करायला तास जातो. पडताळणीला दोन मिनिटं.

धागाकर्ता: साठ पोरं गुणिले दोन मिनिटं म्हणजे दोन तास, दोलकराव. चिठ्ठी टाकून दहा जणांचंच बघितलं तर? आणि आलेख शून्यातून गेला, पण पोराने मध्यापर्यंतच नीट मोजलं असेल, तर त्याला खोटा ठरवू नका.

दोलक: हो, तो धोका आहे. गाठीपासून मोजायचं हे प्रश्नात ठळक लिहा. तरीही आधी विचारा, गुण नंतर कापा.

तिरकस: दहाच बघणार हे पोरांना आधी कळलं, तर उरलेली पन्नास नशिबावर सोडतील.