तांबं कमी असूनही वेल्ड इतकं ठिसूळ का? मदत हवी आहे

प्रेशर व्हेसलच्या पोलादाचे सर्व्हेलन्स नमुने तपासतोय. २९० अंश सेल्सिअसला न्यूट्रॉनचा मारा झालेलं वेल्ड. तांबं जेमतेम ०.०५ टक्के, निकेल मात्र १.६. चार्पी चाचणीत ४१ ज्यूलचं संक्रमण तापमान -३० वरून +२५ अंशांवर गेलंय आणि यील्ड स्ट्रेंग्थ ८५ मेगापास्कलने वाढलीय. दोन्ही वाढी एकमेकींशी सुसंगत वाटतात. शिवाय तुटलेल्या पृष्ठभागावर कणसीमांवरून गेलेली भेग दिसत नाही, त्यामुळे फॉस्फरसला मी बाजूला ठेवलंय.

पण अणू विस्थापित होऊन उरलेले लूप एकट्याने एवढा कडकपणा आणतील? मला मँगनीज-निकेल-सिलिकॉनच्या गुच्छांचा संशय आहे. अॅटम प्रोब उपलब्ध नाही. आधी ३५० आणि मग ४५० अंशांना अॅनीलिंग करून प्रत्येक टप्प्यावर कडकपणा किती उतरतो, यावरून दोन्ही कारणं वेगळी काढता येतील का? कुणी केलंय?