मदत हवी आहे: लस देऊनही गायीला लम्पी? बाकीच्यांना लस द्यायची की थांबायचं?

दावण:
गायीच्या अंगावर गाठी आल्या आहेत. लस दिलेली होती, तरी आल्या. बाकीची जनावरं राहिली आहेत आणि उद्या सकाळी लस द्यायला माणूस येणार आहे. घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात, लसीनेच गाठी आल्या, आता कुणाला हात लावू देऊ नको. मला वाटतं लस द्यावी. आज रात्री ठरवायचं आहे, ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा.

नांगरट:
लस कधी दिली? ताप किती? गाठी कुठे आल्या आहेत? एवढं तरी लिहा.

हिरवा_चारा:
आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्या, दोन दिवसांत फरक. आमच्या तीन जनावरांना तेच दिलं, तिन्ही उभी आहेत. लसीच्या भानगडीत पडू नका.

दावण:
लस देऊन नऊ दिवस झाले. गाठी अंगभर आहेत. ताप आहेच. उद्या लस द्यायची का एवढंच सांगा, बाकी डॉक्टर बघतील.

सुधा_गोठा:
दावण, घाबरू नका. लसीनंतर ताप आणि गाठी येतातच, अंगात लस लागल्याची ती खूण असते. आमच्याकडे दोन गायींना आल्या होत्या, आपोआप बसल्या. बाकीच्यांना बिनधास्त लस द्या.

कासरा:
मी पशुवैद्यक आहे. ताईंचं अर्धं बरोबर आहे, पण त्या भरवशावर ही गाय सोडून देऊ नका. दावण, "ताप आहेच" याने मला काही कळत नाही. थर्मामीटर लावून आकडा सांगा. एखादी गाठ चिमटीत धरून बघा, ती कातडीसकट हलते की वरवरची आहे? खांद्याच्या पुढे आणि मांडीच्या घडीत हात फिरवा, तिथे आतल्या ग्रंथी मोठ्या लागतात का? लस कोणती होती? आणि "बाकीची" म्हणजे किती, कोणती? ती का राहिली?

रानवाट:
आमच्या बैलालाही एकदा सकाळी अंगभर गाठी आल्या होत्या. सगळे लम्पी लम्पी करत बसले. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, संध्याकाळी कातडी सपाट. तुमचंही पित्तच असेल.

दावण:
ताप १०५. गाठी घट्ट आहेत, कातडीसकट हलतात. काही लिंबाएवढ्या आहेत. मान, गळ्याची पोळी आणि कास, तिन्हीकडे. दोन सडांवरही आहेत. खांद्यापुढे मोठी गाठ हाताला लागली, ती मी आधी बघितलीच नव्हती. पुढचा एक पाय सुजलाय, दूध निम्म्यावर आलंय. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी. लस शेळीच्या देवीची, बाटलीवर तेच लिहिलं होतं. एकूण सहा जनावरं. ही गाय आणि दोन कालवडींना लस झाली. दोन गायी गाभण म्हणून सोडल्या, आणि या आजारी गायीचं वासरू लहान म्हणून सोडलं.

कासरा:
आता चित्र स्पष्ट झालं. रानवाट, पित्ताच्या गांध्या काही तासांत उठतात आणि बहुतेकदा दिवसभरात बसतात. पुढचा पाय सुजून, ग्रंथी मोठ्या होऊन दिवसेंदिवस टिकत नाहीत. हे पित्त नाही.

ही लसीची रिअॅक्शनही वाटत नाही. लम्पीच्या स्वतःच्या जिवंत लसीनंतर काही जनावरांना गाठी येतात, ताई त्याच म्हणत असाव्यात. पण त्या बारीक आणि वरवरच्या असतात, जखम न होता दोन-तीन आठवड्यांत जिरतात. शेळीच्या देवीच्या लसीनंतर टोचल्या जागी सूज येते, थोडा ताप येतो. अंगभर लिंबाएवढ्या गाठी हे त्या लसीचं नेहमीचं वागणं नाही. १०५ ताप आणि कासेपर्यंत गाठी म्हणजे खरा लम्पी धरूनच चाला.

मग लस वाया गेली का? वडिलांना एवढं समजावून सांगा. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत साधारण चार दिवस ते दोन आठवडे जातात, कधी महिनाभरही. लसीची ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. नवव्या दिवशी आजारी पडलेल्या गायीत लस अजून तयारच झालेली नव्हती. बहुधा टोचलं तेव्हा आजार तिच्या अंगात होता, किंवा लगेच नंतर आला. खात्री हवी असेल तर गाठीची खपली आणि रक्त प्रयोगशाळेत पाठवायला डॉक्टरांना सांगा. लसीचा विषाणू आणि बाहेरचा विषाणू तिथे वेगळे ओळखता येतात.

सुधा_गोठा:
पण मग आजार अंगात असताना बाकीच्यांना लस द्यायची म्हणजे आगीत तेल नाही का?

कासरा:
ताई, म्हणूनच आधी थर्मामीटर. गाठी दिसायच्या दोन-एक दिवस आधी ताप चढतो. जनावर खातंय, रवंथ करतंय, बाहेरून ठीक दिसतंय, आणि ताप १०४. असं जनावर फक्त थर्मामीटरलाच सापडतं. गायीचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५. दावण, आज रात्री आणि उद्या सकाळी लसीआधी पाचही जनावरांचा ताप घ्या, जनावर ऊन नसलेल्या जागी शांत उभं असताना. ज्याला ताप आहे त्याला लस नाही, ते आजारी म्हणून बाजूला. लस राहिलेल्या तिघांपैकी ज्याला नाही त्याला द्या. त्यातलं एखादं नंतर आजारी पडू शकतं, कारण आजार आधीच अंगात मुरत असू शकतो. तेव्हा पुन्हा लसीला दोष देऊ नका.

आणि प्रत्येक जनावराला नवीन सुई, हा आग्रह धरा. मागच्या वेळी कसं टोचलं होतं?

दावण:
तिघींना एकच सुई. मी विचारलं तर म्हणाला, एकाच गोठ्यातली आहेत, काय फरक पडतो.

कासरा:
पडतो. ताप चढलेल्या जनावराच्या रक्तात विषाणू असतो आणि तीच सुई पुढच्याला नेऊन टोचते. चावणारी माशी वेगळं काही करत नाही. या दोन कालवडींवर आता रोज लक्ष ठेवा. आणि बाटली बर्फातून आली का, कालवल्यावर उन्हात उभी होती का, तेही उद्या बघा. जिवंत लस गरम झाली की टोचण्यात अर्थ उरत नाही.

हिरवा_चारा:
आयव्हरमेक्टिनबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे प्रत्यक्ष गुण आला आहे.

नांगरट:
हिरवा_चारा, बहुतेक मोठी जनावरं लम्पीतून काहीही न देताही वाचतात. तुमची तिन्ही औषधाने वाचली हे कशावरून?

हिरवा_चारा:
बघितलेलं सांगतोय. पुस्तकातलं नाही.

कासरा:
गोचीड कमी होतात, तेवढा फायदा मान्य. लम्पीच्या विषाणूवर नेमकं औषध नाही. ताप आणि वेदना उतरवणारं औषध, जखमा स्वच्छ ठेवणं, चारा-पाणी तोंडाशी नेणं, आणि जखमेत दुसरा संसर्ग शिरला तर अँटिबायोटिक. ते सगळं तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातून. आयव्हरमेक्टिन दिलेल्या गायीचं दूध बरेच दिवस वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

माळरान:
मला गाभण गायींचं पटत नाही. आमची सातव्या महिन्यातली गाय लसीनंतर आठवड्यात गाभडली. मी तरी देणार नाही.

कासरा:
माळरान, वाईट झालं. पण ती लसीने, पकडताना झालेल्या झटापटीने, की आधीच आलेल्या तापाने गाभडली, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. सुदृढ गाभण गायीला लस देतात. लम्पीच्या तापानेही गाय गाभडते, आणि इथे आजार त्याच दावणीला आहे. म्हणून मी देण्याच्या बाजूने आहे. दिवस भरत आलेली गाय असेल तर पाडायची नाही, ओढाताण नाही, आणि शेवटचा शब्द समोर गाय बघणाऱ्या डॉक्टरांचा.

माळरान:
तुमचं मत तुमच्यापाशी. गाय माझी गेली.

रानवाट:
कडेने विचारतो, हे माणसाला होतं का? घरात लहान मुलं आहेत.

कासरा:
नाही, माणसाला होत नाही. दूध उकळून घ्या, ते तर नेहमीच घ्यावं.

दावण, वासरू अजून त्याच गायीला पितंय का?

दावण:
हो. तिच्याजवळच बांधलेलं आहे.

कासरा:
आत्ता सोडवा. सडांवर गाठी आहेत, दुधात विषाणू असू शकतो आणि दोघांच्या अंगावर त्याच माश्या बसतात. त्याला दुसऱ्या गायीचं दूध उकळून, कोमट करून बाटलीने पाजा. आईला लस वासरू जन्मल्यानंतर झाली, म्हणजे चिकातून त्याला संरक्षण मिळालेलं नाही. वय लहान असलं तरी त्याला लस लागते, पण ताप नसेल तरच.

आजारी गाय गोठ्याबाहेर वेगळी, तिची बादली, दोर, घमेलं वेगळं. कामं आधी निरोगी जनावरांची, शेवटी तिची. मग हात-पाय धुऊन कपडे बदला. गळून पडलेल्या खपल्या गोळा करून जाळा, वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो.

सुधा_गोठा:
आणि संध्याकाळी धूर करा, एक माशी राहत नाही.

नांगरट:
धूर आहे तोवर. विझला की परत. आमच्याकडे खरा फरक गव्हाणीखालचा ओला चारा उचलल्यावर पडला. पायाला चावणारी, जनावराला पाय आपटायला लावणारी माशी शेणमुताने भिजलेल्या चाऱ्यात अंडी घालते. आठवड्यातून दोनदा तो काढून लांब नेऊन वाळवला की पुढची पिढीच तयार होत नाही.

कासरा:
नांगरट, अगदी बरोबर. ही माशी एकीवर पोट भरत नाही. शेपटीने उडवली की अर्धवट पिऊन शेजारणीवर बसते, आणि सोंडेला लागलेला विषाणू तिथे पोचतो. डासांचंही तसंच, म्हणून रात्री आजारी गायीला मच्छरदाणी लावता आली तर लावा. सायपरमेथ्रिन फवारायचं तर लेबलवरच्या प्रमाणात, उघड्या जखमेवर नाही.

दावण:
सकाळची नोंद. गाभण गायी १०१.४ आणि १०१.८, कालवडी दोन्ही १०२ च्या आत. वासरू १०४.२, पण उड्या मारतंय, अंगावर काही नाही. वडील आकडा बघून गप्प झाले. वासराला लस दिली नाही, वेगळं बांधलं. दोन्ही गायींना दिली, उभ्या ठेवूनच, प्रत्येकीला नवी सुई. डॉक्टरांनी मोठ्या गायीची खपली आणि रक्त नेलं आहे.

आता पुढचा प्रश्न. सुजलेल्या पायावरच्या एका गाठीचं मधलं कातडं काळं पडून कडेने सुटायला लागलंय. ओढून काढू का?

कासरा:
ओढू नका. ते कातडं मेलेलं आहे, खाली जखम तयार होतेय. आपोआप सुटू द्या, जबरदस्ती केली तर खोल खड्डा पडतो आणि रक्त येतं. रोज सौम्य जंतुनाशकाने धुवा, कडेला माश्या बसू न देणारं मलम लावा, आणि सुटल्यावर आत अळी आहे का ते उजेडात बघा. पायाची सूज वर चढली किंवा गाय बसून उठेना झाली तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. वासराचा ताप संध्याकाळी परत घेऊन इथे लिहा.