अनुभव धागा: रात्री पावणेबाराला आलेलं "कशी आहेस?" आणि त्याला द्यायचं उत्तर

गिरणाकाठ (धागाकर्ती): खानदेशातल्या वाचकांसाठी हा धागा. नुसती हळहळ नको, उपयोगी पडेल असं लिहा. बोलायला एक खरा मेसेज घेऊ, नावं काढून टाकली आहेत. मुलगी जळगावची. मुलगा धुळ्याचा, सध्या पुण्यात. घरून नकार आला तेव्हा तो मागे हटला. त्याला सव्वा वर्ष झालं, मधल्या काळात एक शब्द नाही. आणि आता शुक्रवारी रात्री 11:47 ला हे आलं:

"हाय, झोपलीस का? आज रूमवर भरीत केलं होतं, तुझी आठवण आली. कशी आहेस?" शेवटी हसरा चेहरा.

तिला तुसडं वागायचं नाही. पण त्याला आशा लागू नये आणि स्वतःलाही लावून घ्यायची नाही. याचा अर्थ काय लावाल आणि उत्तर काय द्याल?

भुसावळकर: सरळ आहे. रात्री अकरानंतर आलेला एक्सचा मेसेज म्हणजे टाईमपास. ब्लू टिक बंद करा, चॅट अर्काइव्ह करा, विषय संपला.

तापीतीर: भुसावळकर दादा, निम्मं पटलं. वेळेकडे बघावंच, पण नुसत्या वेळेवरून निकाल देऊ नये. तुमच्याच गावात रेल्वेच्या रनिंग ड्युटीवाल्यांचा दिवस रात्री सुरू होतो. त्या माणसाची नेहमीची वेळ कोणती होती ते आठवायचं. एरवी दहाला झोपणारा पावणेबाराला लिहीत असेल तर त्या वेळेला अर्थ आहे. ब्लू टिक बंद केली तर समोरच्याने वाचलं की नाही हे आपल्यालाही दिसत नाही, आणि ते न दिसल्याने लोक दर दहा मिनिटांनी त्याचं "ऑनलाइन" बघत बसतात. त्यातून त्रास वाढतोच.

मी समुपदेशनाचं काम करते. असा मेसेज समोर आला की त्यात काय लिहिलंय याच्या आधी काय लिहिलेलं नाही ते बघते. या मेसेजमध्ये भरीत आहे, आठवण आहे, झोपेची चौकशी आहे. पण सव्वा वर्षाच्या गप्प बसण्याबद्दल अवाक्षर नाही, घरच्या नकाराचं पुढे काय झालं ते नाही, "उद्या फोन करू का" नाही. परत यायचं ठरवलेला माणूस अवघडत का होईना, या तीनपैकी एकाला तरी हात घालतो. इथे फक्त आठवण पोचवली आहे आणि ती घ्यायला तू जागी आहेस का ते विचारलंय. खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पुण्याच्या रूमवर हिरव्या वांग्यांचं भरीत झालं, शेंगदाणे-मिरचीचा वास सुटला, तर आठवण अगदी खरी असेल. पण त्या आठवणीमागे काही ठरवलेलं असेलच असं नाही.

अमळनेरी: ताई, मले तं वाटस, पोऱ्याले खरंच पस्तावा व्हयना व्हई. इतकं तोडीसन कशाले बघतीस?

तापीतीर: असेलही भाऊ. पण पस्तावा असेल तर तो सकाळी अकरालाही असतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की उत्तर रात्री देऊ नका. दुसऱ्या दिवशी दहा ते बाराच्या दरम्यान द्या. रात्री 11:50 ला उत्तर गेलं की "ही वेळ आपली" असा करारच होतो, आणि पुढचा मेसेजही त्याच सुमाराला येतो. दिवसा दिलेल्या उत्तराला तो दिवसा काय लिहितो, यावरून खरं काय ते बऱ्यापैकी कळतं.

आणखी एक. उत्तर चॅटच्या चौकटीत लिहू नका. "टायपिंग…" त्याला दिसतं, आणि वीस मिनिटं ते दिसून शेवटी दोन ओळी आल्या तर त्या दोन ओळींपेक्षा ती वीस मिनिटंच तो जास्त वाचेल. नोट्समध्ये लिहा, मग चिकटवा. पाठवल्यावर 15 मिनिटं दुरुस्ती करता येते, पण दुरुस्तीची खूण राहते.

केळीबाग_रावेर: आधी तो तोच आहे का ते बघा! माझ्या मावसभावाच्या नंबरवरून असंच "कसा आहेस" आलं, मग सहा आकडी कोड मागितला. अकाउंट गेलेलं होतं.

गिरणाकाठ: धाग्याचा विषय तो नाही, पण सूचना चांगली आहे. कोड किंवा पैसे मागितले तर आधी साध्या फोनवर खात्री करा. इथे भरिताचा उल्लेख आहे, त्यामुळे माणूस तोच असावा. आता उत्तराचा मजकूर बघू. तिने लिहिलेला मसुदा असा:

"अरे वा, किती दिवसांनी! मी मजेत. तू कसा आहेस? भरीत मस्तच झालं असेल. बोलू कधीतरी."

तापीतीर: यात तीन दारं उघडी राहतात. "किती दिवसांनी" मधून वाट बघितल्याचा सूर येतो. "तू कसा आहेस" या प्रश्नाला उत्तर येणारच, मग त्याला आपण उत्तर देणार. आणि "बोलू कधीतरी" हे सगळ्यात धोक्याचं. आपल्याकडे तो निरोप घ्यायचा शब्द आहे, पण आस लागलेला माणूस त्याला तारीख समजतो. मी असं लिहीन:

"मी ठीक आहे, काम व्यवस्थित चाललंय. मेसेज सकाळी पाहिला. तूही बरा असशील. आपल्यातलं जे होतं ते माझ्यासाठी संपलंय, त्यामुळे गप्पा पुन्हा सुरू करणार नाही. काळजी घे."

प्रश्न एकही नाही, भरिताचा उल्लेख नाही, हसरा चेहरा नाही. "माझ्यासाठी" हा शब्द मुद्दाम. "आपण दोघांनी ठरवलं होतं" असं लिहिलं की त्यावर वाद घालता येतो. आणि दोघं एरवी अहिराणीत बोलत असतील तर हे उत्तर तरी साध्या मराठीत द्या. घरच्या बोलीतला नकार लाडाचा वाटतो.

चाळीसगाव_जंक्शन: फारच कोरडं आहे हो हे. त्याने लग्नाचं विचारलेलंही नाही आणि तुम्ही नकार पाठवताय. मी पहिल्या दोन वाक्यांवर थांबेन. पुढे विचारलं तर मग बाकीचं.

तापीतीर: तेही चालेल, ती खरंच दोन वाक्यांवर थांबू शकत असेल तर. अडचण अशी की अधूनमधून मिळणारं उत्तर ही सगळ्यात चिवट गोष्ट. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं-उंदरांवर प्रयोग केले. दाणा दर वेळी न देता कधीतरीच दिला, तर पुढे दाणा पूर्ण बंद केल्यावरही प्राणी बराच काळ कळ दाबत राहतात. दोन मेसेजांना गप्प आणि तिसऱ्याला रात्री हळवं उत्तर, हे अगदी तेच. बंद केल्यावर सुरुवातीला मेसेज वाढूही शकतात. त्याला प्रेमाचा पुरावा समजू नका.

नंदुरबार_वाट: मीच माझ्या एक्सला असा मेसेज पाठवू का असा विचार करतोय. आखाजीला ती माहेरी येते.

गिरणाकाठ: दादा, ती माहेरी येते म्हणजे लग्न झालंय. पाठवू नका. मेसेज तिच्या सासरी कोणाच्या हातात पडेल ते तुम्हाला माहीत नाही.

चाळीसगाव_जंक्शन: आणि ग्रुप तोच असेल, वैशाखात मित्राच्या हळदीला समोरासमोर यायचं असेल तर?

तापीतीर: त्याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. चारचौघांत "कसा आहेस" म्हणून पुढे जाणं काहींना जमतं, काहींना नाही. एवढं मात्र पाळा: लग्नात बोलणं झालं म्हणून त्या रात्री चॅट उघडू नका.

अमळनेरी: आनि त्याना रातले फोनच उना तर?

तापीतीर: उचलायचा नाही भाऊ, कापायचाही नाही, वाजू द्यायचा. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला एकच ओळ: "रात्री फोन घेत नाही. काही काम असेल तर इथे लिही." काम असेल तर तो लिहील.