प्रतिसाद: सेन्सर बदलण्याआधी रात्रीचे आकडे पाहा

"आमच्या शाळेतल्या हवामान केंद्राचं तापमान हवामान खात्यापेक्षा चार-पाच अंश जास्त येतं, सेन्सर बदलावा का?"

एवढ्यात नको. आधी मुलांना दोन्हीकडच्या तासातासाच्या नोंदींतला फरक काढून त्याचा आलेख करायला सांगा. समजा पहाटे सहाला फरक ०.४ अंश आहे, दुपारी दोनला ५.१, आणि ढगाळ दुपारी फक्त ०.९. मग सेन्सर ठीक आहे, उन्हाने त्याची डबी तापते आहे आणि तो डबीतली हवा मोजतो आहे. फरक रात्रंदिवस सारखाच राहिला तर मात्र सेन्सर सर्किट बोर्डाला चिकटून त्याची ऊब घेत असेल, किंवा मुळातच चूक दाखवत असेल. तो बोर्डापासून लांब घ्या. तरीही फरक राहिला तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात ठेवा. शून्याच्या आसपास आकडा यायला हवा.

उन्हाचा दोष असेल तर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा पालथ्या, मध्ये बोटभर फटी ठेवून एकावर एक रचा. वरची अखंड, बाकीच्यांना मधोमध भोक, त्यात सेन्सर. हे सगळं गवतावर, जमिनीपासून दीड मीटर उंच. गच्चीवर किंवा भिंतीलगत नको. वारा पडलेल्या दुपारी थोडा फरक तरीही राहतो.

आणि पहिल्या आठवड्याच्या 'चुकीच्या' नोंदी पुसू देऊ नका (मुलांचा हात लगेच तिकडे जातो). दुपारचा फरक ज्या दिवशी आक्रसला, तो दिवस बहुधा ढगाळ किंवा वाऱ्याचा होता. वहीतल्या आकाशाच्या नोंदींशी हे ताडून पाहणं, हेच विश्लेषणाचं पहिलं काम द्या.