घट्ट चिपडं, पट्टीचं रीडिंग आणि सायक्लोस्पोरिन

सी-२०४: मंडळी, आमच्या पगच्या डोळ्यांत पुन्हा घट्ट, पिवळट-हिरवी चिपडं. अँटिबायोटिकचे थेंब घातले की बरं वाटतं, बंद केले की परत तेच. कुणाला माहिती आहे का?

बी-५०१: ताई, अश्रूंची चाचणी झाली का? आमच्या कॉकरचं असंच होतं. बुबुळावर चकाकी नव्हती आणि चिपडं तारेसारखी ओढली जायची. अश्रूंतलं पाणी आटतं, पण चिकट द्रव तयार होतच राहतो. पाणीच नाही तर तो धुऊन जाणार कसा? साचलेल्या घाणीत जंतू वाढतात, म्हणून अँटिबायोटिकने तात्पुरता फरक पडतो. मूळ कोरडेपणा तसाच राहतो.

सी-२०४: चाचणी कशी करतात? दुखतं का?

बी-५०१: नाही हो. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि एका मिनिटात ती किती मिलिमीटर भिजली ते बघतात. १५ किंवा जास्त ठीक, १० च्या खाली कोरडेपणा, ५ च्या खाली गंभीर. आमच्याकडे उजवा ४, डावा ९ होता. जाताना डोळ्यांत थेंब घालू नका, रीडिंग चुकतं.

ए-१०३: मग औषध काय दिलं?

बी-५०१: सायक्लोस्पोरिनचं ०.२ टक्के मलम, १२ तासांनी एकदा. बहुतेक कुत्र्यांत शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथीवर हल्ला करते, तो हल्ला हे औषध थोपवतं. पण सावरायला ग्रंथीला वेळ लागतो. पहिले काही आठवडे आकडा जेमतेम हलला, तोवर कृत्रिम अश्रूंवर भागवलं. दोन महिन्यांनी उजवा ११, डावा १६. आधी कोमट पाण्याच्या कापसाने चिपडं काढायची, मग थेंब, थोडं थांबून शेवटी मलम. चिपडांवरच मलम लावलं तर ते डोळ्यापर्यंत पोचतच नाही.

ए-१०३: आता डोळे स्वच्छ आहेत ना? मग बंद का नाही करत?

बी-५०१: काका, स्वच्छ आहेत ते औषधामुळेच. बंद केलं की हल्ला पुन्हा सुरू होतो आणि आकडा घसरतो. म्हणून बहुतेकांना आयुष्यभर लागतं. औषध चालू ठेवूनच अधूनमधून पट्टी लावून बघायची. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. सुरुवातीचं रीडिंग २ च्या खाली असेल तर आशा बरीच कमी असते. सायक्लोस्पोरिनने भागलं नाही तर डॉक्टर टॅक्रोलिमसचा विचार करतात.

सी-२०४: घरी स्टिरॉइडचे थेंब आहेत, तोवर घालू का?

बी-५०१: अजिबात नको! कोरड्या डोळ्यात बुबुळावर जखम असू शकते, स्टिरॉइडने ती चिघळून बुबुळ फुटू शकतं. आधी हिरवा रंग टाकून जखम तपासून घ्या. तो डोळा घट्ट मिटून घेतोय का, की बुबुळ निळसर दिसतंय?

सी-२०४: सकाळपासून उजवा उघडतच नाहीये.

बी-५०१: मग उद्यावर नका टाकू ताई, आत्ताच घेऊन जा. डोळा चोळू देऊ नका, गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला. आमची कॉलर आहे, पाठवतो खाली.