मदत हवी आहे: मधाच्या बरणीचं सील आणि लेबलवरचे शिक्के

नमस्कार मंडळी,

महाबळेश्वर भागातला जांभळाचा मध आम्ही 500 ग्रॅमच्या काचेच्या बरणीत विकतो. झाकण पत्र्याचं, फिरकीचं आहे. प्लास्टिकच्या झाकणाखाली लागतं तसं इंडक्शन सील इथे बसत नाही, कारण त्या मशीनमध्ये पत्राच तापतो. श्रिंक बँड साधा घेतला तर कुणीही तो कापून बाजारातून दुसरा आणून चढवू शकतो.

म्हणून झाकणावरून काचेवर उतरणारी अरुंद पट्टी करायची आहे, सोलायला गेलं की तुकडे होणाऱ्या स्टिकर कागदाची. अडचण अशी की भरताना काचेवर मधाचा किंचित ओघळ राहिला तरी पट्टीचं टोक अख्खं सुटून येतं. शिवाय थंडीत मध गोठला की दुकानदार बरणी कोमट पाण्यात ठेवतात. तेव्हाही टिकेल असा गोंद कुणी वापरलाय का?

दुसरा प्रश्न शिक्क्यांचा. डिझायनरने पुढच्या बाजूला एफएसएसएआय, अ‍ॅगमार्क, ‘100% शुद्ध’, ‘नैसर्गिक’ असं सगळं दाटीने बसवलंय. मला पुढे फक्त नाव, फुलोरा आणि गाव हवंय, परवाना क्रमांक आणि अ‍ॅगमार्क मागे. ‘शुद्ध’चा गोल शिक्का तर काढूनच टाकावा असं वाटतं, त्यामागे कुणाची तपासणी नाही. त्याऐवजी बॅचचा प्रयोगशाळा अहवाल उघडणारा क्यूआर द्यायचाय. तो पट्टीवर छापला तर बरणी उघडताना फाटेल, मागे छापला तर रिकामी बरणी पुन्हा भरणाऱ्याला आयताच मिळेल. तुम्ही कुठे छापता?