सहीच्या पुढचं
‘तुरुंगात सही शिकवून काय होतं? बाहेर पडले की विसरतात.’

सहीपुरतंच शिकवलं तर विसरणारच. सोलापूरच्या कारागृहात मी साक्षरतेचा वर्ग घ्यायचो. कच्चा कैदी जामीन झाला की मध्येच जातो, म्हणून बाराखडी संपायची वाट न बघता तारीख, वकील, जामीन या त्यांच्याच शब्दांपासून सुरुवात करायचो. घ आणि ध मध्ये कायम अडणारा एक जण परवा अशोक चौकात भेटला. “सर, ओळखलं का?” आता यंत्रमागावर आहे. उचलीच्या कागदावर आकड्यात ५,००० बरोबर होते, पण अक्षरी ‘पंधरा हजार’ लिहिलं होतं. आकडे त्याला आधीपासून यायचे. अक्षरी रक्कम त्याने बोट ठेवून वाचली, दुरुस्त करायला लावली, मगच सही केली.